शेऱ्यातले ? आणि * : सोलापूरच्या टॉवेल गोदामातल्या मोजणीत COUNTIF कुठे चुकले

## पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. ३१ मार्चच्या आधी गोदामातल्या मालाची मोजणी होते. गोदाम पाहणारे मामा रॅकपुढे उभे राहून एकेक गठ्ठा तपासतात आणि छापील तक्त्यावर गठ्ठ्यापुढे खूण करतात. माल ठीक असेल तर `ब`, म्हणजे बरोबर. नग किंवा माप याबद्दल शंका असेल तर `?`. डाग, उसवलेली कडा, सुटलेला धागा असा दोष दिसला तर `*`. काही वेळा दोन्ही खुणा एकत्र येतात, आणि काही वेळा खुणेला शब्द जोडलेला असतो.

संध्याकाळी हिशेबाच्या ताई हे तक्ते एक्सेलमध्ये चढवतात. एका गठ्ठ्याला एक ओळ. `A` मध्ये गठ्ठ्याचा क्रमांक, `B` मध्ये माप, `C` मध्ये नग, `D` मध्ये मामांचा शेरा. मामांनी कागदावर जे लिहिले तेच अक्षरशः चढवायचे, असा कारखान्यातला नियम. नियम चांगला आहे, कारण नंतर वाद झाला तर कागद आणि फाइल शेजारी ठेवून पाहता येतात. या वेळी एकूण ४१२ गठ्ठे होते, म्हणजे शेरे `D2` पासून `D413` पर्यंत.

माप `30*60` असे लिहिण्यामागेही कारण आहे. पूर्वी ते तिरप्या रेघेने लिहीत. पण नॅपकिनचे माप `12/12` लिहिले की एक्सेल त्याची १२ डिसेंबर ही तारीख करून टाकतो. म्हणून रेघ गेली आणि `*` आला. बरोबरीचे चिन्ह आधी नसेल तर `30*60` हा साधा मजकूर म्हणूनच राहतो, गुणाकार होत नाही. त्या अर्थी निवड बरोबर होती. त्रास झाला तो पुढे, मोजताना.

## अडचण कशी दिसली

मालकांना एका पानाचा गोषवारा हवा होता: बरोबर किती, शंकेचे किती, दोषाचे किती. ताईंनी `F2`, `F3`, `F4` मध्ये तीन खुणा लिहिल्या आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र खाली ओढले:

```
=COUNTIF($D$2:$D$413,F2)
```

उत्तरे आली ती अशी: `ब` ३३८, `?` ३७६, `*` ३९५. बेरीज ११०९. गठ्ठे मात्र ४१२.

बेरीज चुकली आहे हे लगेच कळले, पण चूक कशात आहे हे नाही. पहिला संशय नोंदींवर गेला. तक्ते दोनदा चढले असतील म्हणून गठ्ठा क्रमांकांत दुबार नोंदी शोधल्या, त्या निघाल्या नाहीत. मग मामांना बोलावणे गेले.

"मामा, तीनशे शहात्तर गठ्ठ्यांवर प्रश्नचिन्ह टाकलंय का तुम्ही?"

"काय म्हणता ताई! वीस-पंचवीस असतील. मी काय सगळं गोदाम शंकेतच ठेवू का?"

मामांचा अंदाज बरोबर होता. तरीही अर्धा दिवस कागद आणि फाइल ओळीने ताडून पाहण्यात गेला, आणि दोन्ही तंतोतंत जुळले. नोंदी शुद्ध आणि उत्तर चुकीचे, म्हणजे दोष सूत्रात, एवढे निश्चित व्हायला दुपार उजाडली.

इथला पहिला निर्णय घाईचा होता. उत्तर विचित्र आले की माणूस आधी माल तपासतो, मोजपट्टी तपासत नाही. पट्टी तपासायला पाच मिनिटे पुरली असती. एका कोऱ्या शीटवर `A1` ते `A4` मध्ये `ब`, `?`, `*`, `कडा` असे चार शेरे लिहायचे आणि `A5` रिकामा ठेवायचा. मग ही दोन सूत्रे:

```
=COUNTIF(A1:A5,"?")
=COUNTIF(A1:A5,"*")
```

डोळ्यांनी पाहिले तर दोन्हींचे उत्तर १ यायला हवे. प्रत्यक्षात पहिले ३ देते आणि दुसरे ४. ताईंनी दुपारी हेच करून पाहिले आणि मग चित्र स्वच्छ झाले.

## असे का होते

COUNTIF च्या अटीत `?` आणि `*` ही चिन्हे स्वतःसाठी उभी राहत नाहीत. `?` म्हणजे कोणतेही एक अक्षरचिन्ह, नेमके एक. `*` म्हणजे कितीही अक्षरचिन्हे, शून्य धरून. "नाव `सो` ने सुरू होणारे सगळे मोजा" यासारख्या कामाला `सो*` लिहिता यावे म्हणून ही सोय आहे. पत्त्यांच्या डावातला जोकर जसा कोणत्याही पानाच्या जागी चालतो, तशी ही दोन चिन्हे कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात.

या फाइलमधल्या ४१२ शेऱ्यांची फोड पाहिली की तिन्ही आकड्यांचा उलगडा होतो. फक्त `ब` असलेले ३३८. फक्त `?` असलेले २१. फक्त `*` असलेले १७. `?*` अशा दोन्ही खुणा ४. `*` नंतर शब्द, जसे `* कडा`, असे ९. शब्दानंतर प्रश्नचिन्ह, जसे `डाग?`, असे ६. रिकामे १२. आणि ५ ठिकाणी खुणेऐवजी नुसता आकडा, कारण तिथे मामांनी कमी भरलेले नग लिहिले होते.

आता `?` ही अट "एका अक्षरचिन्हाचा मजकूर" असा अर्थ घेऊन फिरली. तिला `ब`, `?` आणि `*` हे तिन्ही सापडले: ३३८, २१ आणि १७ मिळून ३७६. `*` ही अट "कसलाही मजकूर" म्हणून फिरली. तिने रिकामे १२ आणि आकड्यांचे ५ सोडून उरलेले सगळे, म्हणजे ३९५ मोजले. आकडे सुटले कारण ही जोकर चिन्हे फक्त मजकुराशी जुळतात. पेशीत संख्या म्हणून ठेवलेला 7 हा `?` ला सापडत नाही.

मराठी शेऱ्यांच्या बाबतीत इथे एक बारीक गोष्ट आहे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते एक्सेलला नेहमी एकच वाटत नाही. `ब` हे एक चिन्ह, पण `हो` म्हणजे `ह` आणि त्यावरचा काना-मात्रा अशी दोन. `=LEN("हो")` चे उत्तर २ येते. त्यामुळे `?` च्या जाळ्यात `ब` अडकतो, `हो` अडकत नाही. याचा परिणाम किती फसवा असू शकतो ते शेवटी येईलच.

आणखी एक बाब समजून घेण्यासारखी आहे. ही जादू फक्त अटीच्या बाजूला चालते. पेशींत पडलेले `?` आणि `*` हे बिचारे साधेच असतात, त्यांना कोणताही अधिकार नसतो. म्हणून नोंदी बदलण्याची गरज नव्हती, अट नीट लिहिण्याची होती.

## विचारात घेतलेले मार्ग

पहिला मार्ग मालकांनी सुचवला: `D` मधल्या खुणाच बदलून टाका, `?` च्या जागी `श`, `*` च्या जागी `द`. ऐकायला सरळ. पण मग फाइल कागदाशी जुळत नाही, आणि कागदांवर मामांच्या सह्या झालेल्या. शिवाय खुणा बदलायला एक्सेलची शोधा-आणि-बदला खिडकी वापरायची तर तिथेही हीच जोकर चिन्हे दबा धरून बसलेली असतात. त्याबद्दल पुढे. हा मार्ग सोडला, आणि सोडला ते बरे झाले.

दुसरा मार्ग फिल्टरचा. `D` वर फिल्टर लावून यादीतल्या चौकटीत `?` वर टिक करायची आणि खाली दिसणारा ओळींचा आकडा वाचायचा. टिक करण्याच्या यादीत प्रत्येक शेरा जसाच्या तसा येतो, त्यामुळे उत्तर खरे मिळते: २१. फक्त त्याच खिडकीतल्या शोधाच्या चौकटीत `?` टंकू नये, तिथे तो पुन्हा जोकर होतो. एकदाच मोजायचे असेल तर फिल्टर पुरे. इथे शेरे अजून बदलणार होते आणि गोषवारा आपोआप बदलायला हवा होता, म्हणून फिल्टर फक्त पडताळणीसाठी ठेवला.

तिसरा मार्ग COUNTIF टाळण्याचा. बरोबरीच्या चिन्हाने केलेली तुलना जोकर मानत नाही, म्हणून हे सूत्र थेट खरे उत्तर देते:

```
=SUMPRODUCT(--($D$2:$D$413=F3))
```

हे सूत्र चोख आहे. "शेऱ्यात कुठेही `?` आहे का" असे विचारायचे झाले तर त्यात FIND वापरता येते, कारण FIND ला जोकर ठाऊक नाही. तिथे चुकून SEARCH लिहिले तर मात्र पुन्हा तीच गत, SEARCH जोकर मानतो. ताईंना आणि पुढे फाइल पाहणाऱ्या लेखापालांना COUNTIF वाचता येत होते, SUMPRODUCT ची दोन वजा चिन्हे समजावत बसावी लागली असती. या एका कारणासाठी तो मार्ग दुय्यम ठरला. एकट्याने काम करणाऱ्याने तोच निवडला तरी काही बिघडत नाही.

चौथा मार्ग टिल्डचा. `~` ही लाटेसारखी खूण `?` किंवा `*` च्या लगेच आधी लावली की पुढचे चिन्ह जोकर राहत नाही, स्वतःच्या रूपात मोजले जाते. इंग्रजी कळफलकावर ती 1 च्या डावीकडच्या कळीवर, शिफ्ट धरून मिळते. मराठी कळफलक चालू असेल तर ती तिथे येईलच असे नाही, म्हणून तेवढ्यापुरते इंग्रजीवर यावे. हाच मार्ग निवडला.

## काय केले

आधी अट थेट सूत्रात लिहून उत्तर पाहिले:

```
=COUNTIF($D$2:$D$413,"~?")
=COUNTIF($D$2:$D$413,"~*")
```

२१ आणि १७. फिल्टरनेही हेच दिले होते.

पण गोषवाऱ्यात हे आकडे टाकण्याआधी थांबावे लागले. `~?` ही अट फक्त त्या पेशी मोजते ज्यांत प्रश्नचिन्हाशिवाय काहीच नाही. `डाग?` हे सहा आणि `?*` हे चार तिच्यातून निसटतात. मामांना विचारले की `डाग?` म्हणजे काय समजायचे. ते म्हणाले, "डाग आहे की सुतातच गाठ आहे ते उजेडात नेऊन बघायचं होतं, ताई. शंकाच ती." म्हणजे प्रश्न "पेशीत फक्त `?` आहे का" असा नव्हता, "पेशीत कुठेही `?` आहे का" असा होता. त्यासाठी खऱ्या प्रश्नचिन्हाच्या दोन्ही बाजूंना जोकर हवेत:

```
=COUNTIF($D$2:$D$413,"*~?*")
=COUNTIF($D$2:$D$413,"*~**")
```

दुसरी अट पाहून डोळे गोंधळतात, म्हणून ती तुकड्यांनी वाचावी. पहिला `*` जोकर. मग `~*` हे जोडीने एकच, खरी चांदणी. शेवटचा `*` पुन्हा जोकर. पहिला `*` राहून गेला आणि `~**` असे लिहिले गेले तर "चांदणीने सुरू होणारे" एवढेच मोजले जातात. इथे ते २६ येतात, ३० ऐवजी, आणि नेमके `?*` वाले चार गळतात. ताईंकडून पहिल्या फेरीत हेच झाले होते. चूक सापडली ती FIND च्या सूत्राने ताळा केल्यामुळे.

शंकेचे ३१, दोषाचे ३०. बेरीज ६१, पण दोन्ही खुणांचे चार गठ्ठे दोनदा मोजले गेले. ते वेगळे दाखवायचे ठरले, कारण ते गठ्ठे आधी उघडायचे होते. इथे `?*` ही अट तशीच लिहिली असती तर तिचा अर्थ "निदान एक अक्षरचिन्ह असलेला मजकूर" झाला असता आणि उत्तर थेट ३९५ आले असते. दोन्ही चिन्हांना आपापली टिल्ड लागते, `~?~*`. पण खुणांचा क्रम उलटाही असू शकतो हे ध्यानात घेऊन दोन अटी वेगळ्या ठेवल्या:

```
=COUNTIFS($D$2:$D$413,"*~?*",$D$2:$D$413,"*~**")
```

उत्तर ४. नुसती शंका असलेल्यांसाठी दुसरी अट उलटी केली, म्हणजे `"<>*~**"`, "चांदणी नसलेले". तिथे २७ आले. त्याच रीतीने नुसत्या दोषाचे २६. एक सावधगिरी: `<>` वाली अट एकटी वापरू नये. नुसती `"<>*~?*"` लिहिली तर ती रिकाम्या आणि आकड्यांच्या पेशीही "प्रश्नचिन्ह नसलेल्या" म्हणून मोजते आणि ३८१ देते. कोणी तो आकडा "निःशंक माल" म्हणून वाचला तर १२ न तपासलेले गठ्ठे त्यात बिनबोभाट मिसळून जातात.

### खूण पेशीतून येत असेल तर

उरला प्रश्न `F` रकान्याचा. गोषवारा छापला जाणार होता आणि त्यात `?` अशीच खूण दिसायला हवी होती. `F3` मध्ये `~?` टंकले तर गणित सुटते, पण छापील कागदावर ती लाट मालकांना दिसते आणि दरवेळी तिचा अर्थ सांगावा लागतो. `"~"&F3` असे जोडण्याचा विचार झाला. तो एका चिन्हाच्या खुणेला चालतो, पण `?*` मध्ये फक्त पहिल्या चिन्हाला टिल्ड लागते, चांदणी मोकळीच राहते. म्हणून पेशीतला मजकूर आहे तसा घेऊन प्रत्येक जोकरला टिल्ड लावणारे सूत्र बसवले:

```
=COUNTIF($D$2:$D$413,
 SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(F3,
 "~","~~"),"*","~*"),"?","~?"))
```

SUBSTITUTE ला जोकर माहीत नाहीत, म्हणून त्याच्या आत `"*"` म्हणजे खरीच चांदणी. क्रम मात्र पाळावा लागतो: सर्वांत आत एका टिल्डच्या दोन टिल्डा करायच्या, मग बाकीची दोन. खरी `~` मोजायची असेल तर तिच्याही आधी टिल्ड लागते, म्हणून हे पहिले पाऊल. तेच शेवटी ठेवले तर आपणच नुकत्याच घातलेल्या टिल्डा दुप्पट होतात. `?` चे आधी `~?` होते आणि मग `~~?`, ज्याचा अर्थ "एक खरी टिल्ड आणि पुढे कोणतेही एक चिन्ह". या फाइलमध्ये असा शेरा कुठेच नाही, त्यामुळे उत्तर ० येते. सूत्र बरोबर दिसते, चूक दाखवत नाही आणि शून्य देते. असे झाले की क्रम तपासावा.

## मापाच्या रकान्यात तीच गोष्ट

शेऱ्यांचा उलगडा झाल्यावर ताईंना `B` रकाना आठवला. `30*60` मापाचे गठ्ठे २१६ असे गेल्या आठवड्यातच सांगून झाले होते, आणि ते सूत्रही COUNTIF चेच.

टिल्ड लावून `30~*60` विचारल्यावर उत्तर आले १८०. छत्तीस गठ्ठे गेले कुठे? जोकर म्हणून `30*60` चा अर्थ "३० ने सुरू, ६० ने शेवट, मध्ये काहीही" असा होता. त्यात १४ ओळी `30*60+30*60` अशा होत्या, दोन टॉवेलच्या भेटसंचाच्या. त्या वगळल्या जाणे योग्यच. उरलेल्या २२ ओळी मात्र `30x60` अशा होत्या, दुसऱ्या पाळीत कोणीतरी चांदणीऐवजी इंग्रजी एक्स टंकला होता. माल तोच, लिहिणे वेगळे. खरा आकडा २०२. म्हणजे जोकर असताना उत्तर १४ ने जास्त होते आणि टिल्ड लावल्यावर २२ ने कमी. टिल्डने मोजणी काटेकोर होते, आणि काटेकोर मोजणीत लिहिण्यातली विसंगती उघडी पडते. आकडा अचानक घसरला तर टिल्ड काढून टाकू नये, घसरलेल्या ओळी शोधाव्यात.

इथे खुणा बदलण्याचा निर्णय घेतला, कारण माप हा मामांचा शेरा नव्हता, टंकणाऱ्याची सवय होती. सगळीकडे `x` करायचे ठरले. `B` रकाना निवडून Ctrl+H, आणि शोधायच्या चौकटीत `~*`, बदलायच्या चौकटीत `x`.

ही टिल्ड विसरली तर जे होते ते COUNTIF च्या चुकीपेक्षा फार वाईट. शोधायच्या चौकटीत नुसता `*` म्हणजे "पेशीतले सगळे". बदला म्हटले की निवडलेल्या प्रत्येक भरलेल्या पेशीत फक्त `x` उरतो. आणि आधी रकाना न निवडता एकाच पेशीवर उभे राहून हे केले तर अख्ख्या शीटचे तेच होते. लगेच Ctrl+Z केले तर परत मिळते. फाइल साठवून बंद केली तर नाही. म्हणून ताईंनी आधी फाइलची प्रत काढली आणि "सगळे बदला" ऐवजी पहिल्या दोन-तीन पेशी एकेक करून बदलून पाहिल्या.

दरपत्रकातही हाच बदल करावा लागला. दर VLOOKUP ने येत होते आणि अचूक जुळणी मागितली तरी VLOOKUP शोधायच्या शब्दातला `*` जोकर मानतो, MATCH सुद्धा. दरपत्रकात संचाची ओळ एकेरी टॉवेलच्या वर होती. त्यामुळे `30*60` शोधताना पहिली जुळणारी ओळ संचाची मिळत होती आणि एकेरी टॉवेलला संचाचा दर लागत होता. माप `x` ने लिहिल्यावर ती अडचण मुळातच संपली. फक्त दोन्हीकडे एकाच वेळी बदल हवा. `B` मध्ये `30x60` आणि दरपत्रकात `30*60` राहिले तर `#N/A` येते, कारण दरपत्रकातली चांदणी ही यादीच्या बाजूची, म्हणजे साधी.

## निष्पत्ती

गोषवारा शेवटी असा झाला: बरोबर ३३८, नुसती शंका २७, नुसता दोष २६, दोन्ही ४, शेरा नाही १२, खुणेऐवजी आकडा ५. बेरीज ४१२. शेवटचे दोन आकडे COUNTBLANK आणि COUNT ने काढले आणि खाली `=ROWS(D2:D413)` शी ताळा ठेवला. शंका-दोषाचे ५७ आणि शेरा नसलेले किंवा चुकीचा शेरा असलेले १७ असे ७४ गठ्ठे मामांकडे परत गेले. ३७६ गठ्ठे उघडण्याची वेळ आली नाही.

फाइल मालकांच्या घरच्या संगणकावर लिबरऑफिसमध्ये उघडते, म्हणून तिथेही तपासली. तिथे `.xlsx` फाइलला जोकर चिन्हे चालू असतात आणि टिल्ड तशीच चालते. पण लिबरऑफिसच्या गणनेच्या सेटिंगमध्ये जोकरऐवजी रेग्युलर एक्स्प्रेशन निवडलेले असेल, तर टिल्डला तो अर्थ उरत नाही, तिथे `\?` असे उलट्या तिरप्या रेघेने लिहावे लागते. गुगल शीट्समध्ये COUNTIF ला टिल्ड एक्सेलसारखीच लागते.

## वेगळे काय करता आले असते

ताळ्याची ओळ पहिल्याच दिवशी गोषवाऱ्यात असायला हवी होती. बेरीज ११०९ आली म्हणून चूक दिसली, पण ती बेरीज ताईंनी सहज मारून पाहिली होती, तक्त्यात ती नव्हती.

पुढच्या मोजणीसाठी शेऱ्याचा रकाना दोनात वाटला आहे. एकात फक्त स्थिती, ड्रॉपडाउनमधून: बरोबर, शंका, दोष, दोन्ही. दुसऱ्यात मामांचे शब्द, मोकळे. कागदावर मामा `?` आणि `*` च करणार आहेत. हातात टॉर्च धरून रॅकपुढे उभ्या असलेल्या माणसाला "शंका" हा शब्द चारशे वेळा लिहायला सांगणे बरोबर नाही. खूण कागदावर राहील, शब्दात रूपांतर चढवताना होईल. कागदाशी अक्षरशः जुळण्याचा नियम इथे थोडा सैल होतो, त्या बदल्यात गठ्ठा क्रमांकासमोर कागदाचा पान क्रमांक चढवायचे ठरले.

हे सगळे झाल्यावर मागच्या वर्षीची फाइल उघडून पाहिली. त्या वर्षी ठीक मालापुढे काहीच खूण करत नसत, पेशी रिकामी राही. गोषवाऱ्यात शंकेचे २९ आणि दोषाचे ३६ असे आकडे होते आणि कोणालाही ते खटकले नव्हते. टिल्ड लावून मोजले तेव्हा `~?` ने १८ आणि `~*` ने ११ दिले. त्यांचीच बेरीज २९ "शंका" म्हणून छापली गेली होती. ३६ मध्ये ही सगळी आणि वर शब्दांचे ७ शेरे होते. यंदा ३३८ वेळा `ब` लिहिला गेला म्हणून आकडा फुगला आणि नजरेत भरला. `ब` च्या जागी `हो` असते तर `?` ने ३८ दाखवले असते आणि गोषवारा बहुधा तसाच सही होऊन गेला असता.